आधी पाणी की आधी मोजणी?

गडचांदूर, आवारपूर, उपरवाही या पट्ट्यात सिमेंटचे कारखाने आहेत, म्हणून ट्रक आहेत, आणि ट्रक आहेत म्हणून गोदामंही आहेत. त्यातल्याच एका गोदामात एक तरुण नुकताच सुपरवायझर झाला. हाताखाली आठ हमालांची टोळी आणि एक मुकादम. दोन महिन्यांत टोळी थकली, बॅगा फुटू लागल्या, रोज कोणीतरी गैरहजर राहू लागलं. यावर त्याने ‘महिन्याचा उत्तम कामगार’ निवडून प्रमाणपत्र आणि शाल द्यायचं ठरवलं, आणि घरात वाद पेटला. एका बाजूला त्याची थोरली बहीण, चंद्रपूरला महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवणारी. दुसऱ्या बाजूला मामा, लोडिंगचे निवृत्त फोरमन. माणसांची आणि गोदामाची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. मामांची बोली मात्र तशीच ठेवली आहे, कारण ती प्रमाण मराठीत आणली की त्यांचा मुद्दा उगाच सभ्य होतो.

भाची: शाल कशाला, मामा? मे महिन्यात आपल्याकडे पारा 46-47 वर जातो. ज्याचं अंग सुकलंय त्याच्या खांद्यावर शाल घालायची? अब्राहम मॅस्लो नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1943 मध्ये मांडलं होतं की माणसाच्या गरजांना एक क्रम असतो. आधी भूक, तहान, झोप. मग सुरक्षितता. मग आपली माणसं, मग मान, आणि शेवटी आपल्यात जे आहे ते फुलवणं. खालचं रिकामं असेल तर वरचं फारसं सुचत नाही. टोळीला आधी पाणी आणि विश्रांती लागते.

मामा: म्हंजे जेवल्याशिवाय माणसाले मान लागत नाही, असंच ना?

भाची: तितकं कडक तो म्हणाला नव्हता.

मामा: मले तर त्या ट्रेनिंगवाल्या साहेबानं तसंच शिकवलं होतं. तिकोन काढला होता फळ्यावर. एक पायरी भरली की दुसरी.

भाची: तो त्रिकोण मॅस्लोच्या त्या लेखात नाहीच. पुढे व्यवस्थापनाच्या लोकांनी काढला आणि तोच गाजला. मूळ लेखात उलट आहे. त्याने उदाहरण म्हणून आकडे घेतले: साधारण माणसाची शरीराची गरज 85 टक्के भागलेली असते, सुरक्षिततेची 70, आपलेपणाची 50, मानाची 40, आणि शेवटची 10. म्हणजे सगळ्या गरजा एकाच वेळी अर्धवट भागलेल्या. हे आकडे मोजलेले नव्हते, कल्पना यावी म्हणून दिलेले होते. आणि क्रम उलटाही होतो, हे त्यानेच लिहिलंय.

मामा: मंग तुझा मॅस्लो बरा माणूस होता. तिकोनवाले बेकार.

(इथे एक सांगायला हवं. नंतरच्या संशोधकांनी हा क्रम तपासून पाहिला. 1976 मध्ये वाहबा आणि ब्रिडवेल यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा पायऱ्यांच्या क्रमाला फारसा आधार सापडला नाही. त्यामुळे मॅस्लोची यादी घ्यावी, जिना मात्र जपून चढावा, असं माझं मत. भाचीलाही ते मान्य असावं, पण मामांसमोर तिने तसं कबूल केलं नाही.)

भाची: ठीक आहे, जिना सोडा. शरीरापासून सुरुवात करायला तुमची हरकत काय?

मामा: हरकत नाही. पण पाणी तिथं आहे. ड्रम भरून ठेवलेला असते. पोट्टे पीत नाहीत.

भाची: का पीत नाहीत?

मामा: ते तुह्या पुस्तकात नसन. बॅग चढवताना टोळी साखळीनं चालते. दोघं थप्पीवरून उचलून देतात, चौघं पाठीवर नेतात, दोघं गाडीत लावतात. एक जण ड्रमाकडे गेला की त्याची फेरी दुसऱ्यावर येते. मजुरी टनावर, अन् वाटणी सारखी. मंग जो दर घडी पाणी प्यायला जाते, त्याले बाकीचे चोर म्हणतात. तहान लागली तरी माणूस थांबत नाही.

भाची: म्हणजे ड्रम भरणं पुरेसं नाही. अख्खी टोळी एकदम थांबली पाहिजे आणि पाणी तिच्यापर्यंत आलं पाहिजे. उन्हात जड काम करणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावं, असं सांगतात. ताशी साधारण एक लिटर धरू. आठ माणसं, सहा तास, म्हणजे 48 लिटर. वीस लिटरचे अडीच जार. ड्रम उन्हात असेल तर पाणी तापतं आणि कोणी घोटभरही घेत नाही. जार सावलीत, थप्पीजवळ हवेत.

मामा: अन् घामावर सिमेंट बसलं की कातडी जळते. मानेवर, कंबरेवर. हात धुवायलाही पाणी वेगळं पाहिजे. ते पिण्याच्या पाण्यातून घेतलं की भांडण.

भाची: बघा, तुम्हीच आता पहिल्या पायरीवर आलात.

मामा: मी कुठंच आलो नाही. मी सांगून राहिलो की पाण्याच्या आडवी मजुरी उभी आहे.

मामांचा हा मुद्दा मला सगळ्या चर्चेत सगळ्यात मोलाचा वाटला. तो नीट कळावा म्हणून आकडे मांडून पाहू. पंचवीस टनांच्या ट्रकात 50 किलोच्या 500 बॅगा बसतात. पाळीला चार ट्रक भरले तर 2000 बॅगा, 100 टन. आठ जणांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेबारा टन. मजुरी टनामागे आहे, त्यामुळे विश्रांतीची दहा मिनिटं सुपरवायझरच्या लेखी सोय असते, पण टोळीच्या लेखी ती तिच्या खिशातून जातात. शरीराची गरज आणि उद्याच्या पैशाची खात्री एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. थकलेली टोळी खालची गरज विकून वरची विकत घेत असते, आणि सुपरवायझरला दिसतं ते एवढंच: ‘सांगूनही ऐकत नाहीत.’

भाची: पण विश्रांतीने काम कमी होतं हे गृहीत कशाला धरायचं? फ्रेडरिक टेलरचं उदाहरण घ्या. 1899 मध्ये अमेरिकेत बेथलहेमच्या पोलाद कारखान्यात लोखंडाच्या लाद्या वाहून न्यायच्या होत्या. एक लादी 92 पौंडांची, म्हणजे सुमारे 42 किलो, आपल्या बॅगेपेक्षा थोडी हलकी. माणूस दिवसाला साडेबारा टन वाहत होता. टेलरने एका मजुराला घड्याळ लावून सांगितलं, आता उचल, आता बस. त्याच्या हिशेबात इतकं वजन असेल तर माणूस दिवसाच्या 43 टक्केच वेळ ओझ्याखाली असावा, उरलेला वेळ रिकाम्या हाताने. तो मजूर साडेसत्तेचाळीस टन वाहू लागला.

मामा: साडेबारा! आपलाच आकडा. अन् मजुरी?

भाची: एक डॉलर पंधरा सेंटवरून एक डॉलर पंच्याऐंशी.

मामा: म्हंजे माल जवळपास चौपट, अन् पैसा दीडपटीच्या थोडा वर. पोरी, हे आमच्या टोळीले सांगशीन तर ते विश्रांतीचं नाव काढू देणार नाहीत. बसवते कायले? जास्त उचलून घ्यायले. हमालाले हे एका दिवसात समजते.

भाची: ती कहाणी टेलरने रंगवून सांगितली, असं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलंय. मी आकड्यासाठी घेतली, आदर्श म्हणून नाही. पण तुमची शंका खरी आहे. विश्रांती द्यायची असेल तर त्याच दिवशी जाहीर व्हायला हवं की पाचवा ट्रक लावणार नाही.

मामा: हां. हे लिहून घे.

इथे दोघांनी थोडा वेळ नुसतं कागदावर काम केलं. थकवा नेमका कशाचा, हे ओळखायची मामांची पद्धत साधी होती. फुटलेल्या बॅगांची नोंद दिवसाची न ठेवता ट्रकनिहाय ठेवायची. पहिल्याच ट्रकला बॅगा फुटत असतील तर दोष बॅगेच्या शिवणीचा किंवा हाताळण्याचा. पहिले दोन ट्रक स्वच्छ जाऊन चौथ्याला फुटत असतील तर दोष अंगातल्या ताकदीचा. थप्पीचंही तसंच. सिमेंटची थप्पी दहा बॅगांपेक्षा उंच लावत नाहीत, नाहीतर खालच्या बॅगेत गठ्ठे होतात, आणि आठच्या वर गेली की आडव्या-उभ्या आळीपाळीने लावून बांधतात. थकलेली टोळी आधी ही बांधणी सोडते, सरळ एकावर एक रचत जाते. सकाळी गोदामात शिरल्यावर थप्पी एका बाजूला झुकलेली दिसली तर रात्री काय झालं ते विचारायला नको.

भाची: त्याच्या रजिस्टरात टोळीचं काम सहा तासांचं दिसतं. एवढ्याने माणूस इतका कसा थकतो?

मामा: रजिस्टर उचललेल्या बॅगा मोजते, बसलेले तास मोजत नाही. टोळी दुपारी दोनले येते. ट्रक कारखान्याच्या रांगेत अडकलेले. सहा वाजता चारही एकदम लागतात. मंग ड्रायव्हरले घाई, बिल्टी हातात, कोरपन्याच्या पुढं आदिलाबादले जायचं असते. रात्री बारापर्यंत एका दमात. दहा तास गोदामावर, त्यातले चार पत्र्याखाली बसून, बिनपैशाचे.

भाची: कारखाने कायद्यात 1948 पासून नियम होता की सलग पाच तासांवर काम घ्यायचं नाही, मध्ये किमान अर्धा तास सुट्टी. सहा ते बारा म्हणजे तिथेच मोडला.

मामा: विचारलं तर सांगतात, दुपारी चार तास बसलेच होते ना, तीच सुट्टी.

भाची: पत्र्याखाली, मे महिन्यात, ट्रक कधी येईल याची वाट बघत बसणं ही विश्रांती नाही. अंग बसतं, पण मन गेटवर असतं. झोपही लागत नाही. मॅस्लोच्या यादीत ही सुरक्षिततेची गरज आहे. लोक ती हेल्मेट-बुटांशी जोडतात, पण पुढचे चार तास कसे जाणार हे ठाऊक असणं हीसुद्धा सुरक्षितता.

मामा: हे बराबर बोलली. मी लोडिंगले असताना एकच काम जास्तीचं करत होतो. दुपारी एक वाजता गेटवर फोन. किती गाड्या सुटल्या, किती आत. दोन ट्रक सहाले येणार असले तर टोळीले म्हणत होतो, पाचले या. घरी झोपा. त्यातून जेवढी टोळी माझ्यामागं उभी राहिली, तेवढी शालीनं राहिली नसती.

भाची: पण ट्रक वेळेवर सोडणं आपल्याकडच्या सुपरवायझरच्या हातात नाही.

मामा: सोडणं नाही, विचारणं आहे.

गैरहजेरीवर मात्र दोघांचं जमेना. भाचीचं म्हणणं, थकलेला माणूस सुट्टी मागत नाही, ती घेऊन टाकतो, म्हणून आठवडी सुट्टी आधी ठरवून लावावी. मामांना हे अपुरं वाटलं.

मामा: मे महिन्यात कोण गैरहजर आहे ते पाह्य. जिवतीच्या पहाडावरचे पोट्टे. तेंदूपत्ता सुरू झाला की पहाटे चारले घरचे सगळे जंगलात. दुपारपर्यंत पानं तोडायची, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. वर्षाचा रोख पैसा तो पंधरा-वीस दिवसांत. तो सोडून तुह्या गोदामात कोण येते? अन् जो येते, तो पहाटे जंगलात जाऊन आलेला असते. त्याले तू दुसऱ्या ट्रकावर आळशी म्हणते.

भाची: मी म्हणत नाही, रजिस्टर म्हणतं.

मामा: रजिस्टरले जंगल दिसत नाही.

भाची: मग उपाय काय? हंगामभर काम बंद?

मामा: बदली हमाल आधी सांगून ठेवायचे. अन् ज्यानं तेंदूसाठी सुट्टी घेतली त्याची जागा जूनमध्ये कायम, हे तोंडावर सांगायचं. भीती हीच असते की गेलो तर टोळीत परत घेणार नाहीत. म्हणून दोन्ही करायला जाते अन् पडते.

भाची: बदलीवाला नवा असेल तर आणखी जपावं लागेल. उन्हाची सवय नसलेल्याला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या वीस टक्केच द्यावं, मग रोज वीस-वीस टक्के वाढवावं, असा संकेत आहे. उन्हाने कोसळणाऱ्यांत पहिल्या काही दिवसांतली माणसं बरीच असतात.

मामा: वीस टक्के उचलणाऱ्याले टोळी सारखी वाटणी देईन?

भाची: नाही देणार. म्हणून पहिल्या आठवड्यात त्याची मजुरी टोळीच्या वाटणीबाहेर, गोदामाच्या खात्यातून द्यायची. त्याने बिल्टी-चलान सांभाळावं, पाणी आणावं, थोडं उचलावं. नाहीतर हा नियम कागदावरच राहील.

मामा: मालक देईन?

भाची: एक माणूस दवाखान्यात नेण्यापेक्षा स्वस्त आहे. बरळायला लागला, अंग तापलं, की तो ‘थकला’ नाही, जीव धोक्यात आहे. थांबवून, सावलीत घेऊन, अंगावर पाणी ओतत दवाखान्यात न्यायचं. यात मजुरीचा वाद नाही.

मामा: यात कोणताच वाद नाही.

मग मी विचारलं की टोळी प्रत्यक्षात तक्रार कशाची करते. कारण मॅस्लोने पुढे, 1962 च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात राहून केलेल्या टिपणांत, कुरकुरीच्या पातळ्यांबद्दल लिहिलं होतं. माणसं कुरकुर करणं कधीच थांबवत नाहीत, म्हणून किती कुरकुरतात हे मोजू नये. कशाबद्दल कुरकुरतात ते ऐकावं, त्यावरून कळतं त्यांची कोणती गरज अजून उघडी आहे. भात खराब आहे ही एक कुरकुर. माझं कोणी ऐकत नाही ही वेगळ्या पातळीची.

मामा: तक्रार एकच आहे, मोजणीची. टोळी म्हणते आम्ही 500 चढवल्या, चलानावर 488. बारा फुटल्या, म्हणून कापल्या. त्या कोणी फोडल्या, कधी, ते कोणी पाह्यलं नाही.

भाची: ही तर पैशाची तक्रार. दुसरी पायरी.

मामा: चुकली. बारा बॅगांचा पैसा आठ जणांत किती येते? चहाचा. त्यावरून माणूस कॉलर धरत नाही. मुकादम मोजते, सुपरवायझर मोजत नाही अन् त्याचं चलान खरं धरते, हे लागते. माझ्या अंगावरचा घाम त्याले दिसला नाही, कागद दिसला. तू मले सांग, हे पाणी झालं, पैसा झाला का मान?

भाची: तिन्ही.

मामा: म्हणून मी म्हणतो आधी मोजणी. दर ट्रकले पन्नास बॅगा झाल्या की सुपरवायझरनं मुकादमासोबत खडूनं रेघ मारायची, दोघांनी. फुटलेली बॅग टोळीसमोर बाजूले ठेवायची, शिवण उसवली का हाताळणीत फाटली ते तिथंच पाहायचं. शिवण उसवली असन तर कापायची नाही. अन् कच्ची चिठ्ठी दोन प्रतींत, एक टोळीले.

भाची: आणि पन्नास बॅगांवर रेघ मारताना टोळी थांबते.

मामा: थांबते.

भाची: एका ट्रकला दहा रेघा. म्हणजे पाणी प्यायला दहा वेळा थांबणं. कोणी चोर ठरत नाही, कारण मोजणीसाठी थांबलेत.

मामा हसले. त्यांनी हा उपाय पाण्यासाठी सुचवला नव्हता, हे उघड होतं.

मामा: तू पाण्यावरच आणलं शेवटी.

भाची: तुम्ही मानावर आणलंत, मी पाणी पाजलं. पण एक राहिलंच. उचल. मुकादमाकडून दहा-पंधरा हजार घेतलेला माणूस आजारी असला तरी सुट्टी घेत नाही. मजुरी बँकेत जमा झाली तरी मुकादम त्यातून घेतोच. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं की मजुरी वाटताना मुख्य मालकाचा प्रतिनिधी हजर पाहिजे आणि त्याने तसं प्रमाणित केलं पाहिजे. ठेकेदाराने बुडवली तर भरून द्यायची जबाबदारी नव्या संहितेतही मुख्य मालकावरच ठेवली आहे. आपला सुपरवायझर त्या कागदावर सही करतो. करताना तिथे असतो का?

मामा: नसते. ठेकेदार कागद आणते, हा सही करते.

भाची: मग त्याने येत्या वाटपाला हजर राहावं. कोणाच्या हाती किती पडलं ते बघावं.

मामा: पाह्यलं तर पाह्यलं. पण उचलीत हात घालू नको म्हणा. घरी लग्न-मयत असली तर मुकादमच देते, गोदाम देत नाही. उद्या मुकादमानं उचल बंद केली तर ते आठ जण कोणाकडे जातीन? त्याच्याकडे येतीन. आहेत का त्याच्यापाशी पैसे?

भाची: गोदामाकडून आगाऊ रक्कम बिनव्याजी मिळावी, एवढं तर तो मालकाला लिहून विचारू शकतो.

मामा: लिहून कायले? शालीचा खर्च किती धरला आहे ते विचार आधी. तितक्यानं सुरुवात कर म्हणावं.